उंदराचा सापळा घेताय? आधी सकाळचा विचार करा: बॅटरीवाला, खटक्याचा की पिंजरा

आमचा फ्लॅट डोंबिवलीत तळमजल्यावर, मागच्या बाजूला नाला, त्यामुळे उंदीर हा विषय दर पावसाळ्यात असतोच. गेल्या दोन-तीन वर्षांत तिन्ही प्रकारचे सापळे वापरून झाले: तारेचा पिंजरा, खटक्याचा आणि बॅटरीवर चालणारा इलेक्ट्रॉनिक. ओळखीतलं कोणीतरी दर थोड्या दिवसांनी विचारतं की "तो शॉकवाला घेऊ का गं?" म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. पहिल्यांदाच सापळा लावणाऱ्यांसाठी आहे हे, ज्यांच्याकडे अख्खं गोदाम आहे त्यांनी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा.

लोक सापळा घेताना उंदीर कसा पकडला जाईल एवढंच बघतात, दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो उंदीर हातात घेऊन कोण कुठे जाणार हे बघत नाहीत. आणि खरी पंचाईत तिथेच होते.

आधी कोण आहे ते ओळखा

एकही रुपया खर्च करायच्या आधी दोन रात्री रांगोळी टाका. खरंच. ओट्याखाली, सिलेंडरमागे, वॉशिंग मशीनच्या कडेला, भिंतीला लागून पांढऱ्या रांगोळीचा पातळ थर पसरायचा आणि सकाळी टॉर्च तिरका धरून बघायचा. पावलं दिसतात, मधे शेपटीची रेघ दिसते आणि मुख्य म्हणजे रस्ता दिसतो. उंदीर मोकळ्या फरशीवरून फिरत नाही, भिंतीला अंग घासत जातो. म्हणून जुन्या वाटेवर भिंतीला काळपट तेलकट पट्टाही पडलेला असतो. सापळा याच वाटेवर लावायचा असतो, खोलीच्या मध्ये ठेवलेला सापळा म्हणजे शोभेची वस्तू.

लेंड्या बघा. तांदळाच्या कणीएवढ्या, टोकदार असतील तर ते छोटे घरातले उंदीर. साधारण सेंटीमीटरभर किंवा त्याहून मोठ्या असतील तर मोठा उंदीर. बाहेर बागेत, गटाराशेजारी मातीचा ढीग आणि मोठं बीळ असेल तर घूस, आणि मोठी वाढलेली घूस घरगुती इलेक्ट्रॉनिक सापळ्याच्या तोंडातून आत जातच नाही, तिथे मोठा पिंजराच लागतो. चौथा प्राणी म्हणजे चिचुंद्री. लांब नाक, बारीक डोळे, उग्र वास, चिकचिक आवाज करत भिंतीकडेने पळते. ही उंदीर नाहीच मुळी, झुरळं-किडे खाते, धान्याच्या डब्याशी तिचं फारसं देणंघेणं नसतं. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात ओट्याखाली जिच्या नावाने आरडाओरडा चालला होता ती चिचुंद्रीच निघाली. हे कळलं कशामुळे, तर पिंजऱ्यामुळे. खटक्यात किंवा शॉकमध्ये ती मेली असती आणि आम्ही "एक उंदीर गेला" म्हणून खूश झालो असतो, खरा उंदीर माळ्यावरच राहिला असता.

पिंजरा: स्वस्त, टिकाऊ, पण सकाळ अवघड

तारेचा साधा पिंजरा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. मी घेतला तेव्हा २५० रुपये पडले. आत हूकला खाऊ अडकवायचा, उंदराने ओढला की स्प्रिंगचं दार खाड्कन बंद. बॅटरी नाही, बोट सापडायची भीती जवळपास नाही, लहान मूल किंवा मांजर असलेल्या घरात सगळ्यात निर्धोक.

विश्वास किती ठेवायचा? मध्यम. दार नीट बंद होतंय का हे विकत घेतानाच दुकानात पाच-सहा वेळा काडीने हूक ओढून बघा, कारण स्वस्त पिंजऱ्यात दार बंद होतं पण अडकत नाही आणि दणकट उंदीर नाकाने ते उचलून निघून जातो. आमच्याकडे एकदा सकाळी दार बंद, भजं गायब, पिंजरा रिकामा. घरातल्यांनी लगेच भुताटकीपर्यंत मजल मारली, प्रत्यक्षात दाराची पकड सैल होती. पावसाळ्यात स्प्रिंग गंजते, दोन थेंब शिवणमशीनचं तेल टाकलं की पुन्हा चालते.

आता सकाळ. पिंजऱ्यात जिवंत उंदीर आहे, घाबरलाय, चकरा मारतोय आणि मुततोय, आणि त्याच मुतातून लेप्टोस्पायरोसिसचा ताप पसरतो. तुम्ही काय करणार? बरेच जण पिंजरा बादलीत बुडवतात. मी ते एकदा शेजारी बघितलंय आणि पुन्हा बघायचं नाही. ते झटपट होत नाही, आणि जनावरांना वेदनेशिवाय मारायच्या ज्या पद्धती पशुवैद्यक मानतात त्यात बुडवणं धरलेलं नाही. दुसरा मार्ग लांब सोडून यायचा. रस्त्यापलीकडे सोडला तर परत येतो, दुसऱ्या सोसायटीत सोडला तर त्यांच्या माथी मारला, आणि लांब माळरानावर सोडला तर अनोळखी जागी बीळ नाही, खाणं नाही, त्यामुळे बहुतेक तिथे फार दिवस तग धरत नाही. म्हणजे "आम्ही मारत नाही, सोडतो" यात मनाचं समाधान जास्त आहे. ज्यांना धर्मामुळे किंवा मनाला पटत नाही म्हणून मारायचंच नाहीये त्यांच्यासाठी पिंजरा हा एकच पर्याय उरतो हे मान्य. पण मग पिंजऱ्यावर जुनं फडकं टाकून झाका (अंधारात उंदीर शांत होतो), जाड हातमोजे घाला, आणि पिंजरा दिवसातून दोनदा तरी बघा. गावाला जाताना लावून जाऊ नका, तहानेने मरतो तो आत.

खटक्याचा: माझं मत यालाच

लाकडी पाटीवर तारेचा चाप असलेला जुना प्रकार, आणि हल्लीचा काळ्या प्लास्टिकचा, मोठ्या कपड्याच्या चिमट्यासारखा दातेरी जबडा असलेला. नवख्यांनी प्लास्टिकचाच घ्यावा. लाकडी स्वस्त असतो पण लावताना बोटं थरथरतात आणि मेलेला उंदीर काढताना चाप हाताने उघडावा लागतो. प्लास्टिकचा पायाने किंवा एका हाताने दाबून उघडतो आणि उचलताना सापळ्याची मागची पट्टी दाबली की उंदीर थेट पिशवीत पडतो, हात लागतच नाही. मी मोठ्या आकाराचे चार घेतले, १२० रुपयांना एक, म्हणजे ४८० रुपये. छोट्या उंदरासाठीचा छोटा साइझ मोठ्या उंदराला लावू नका, तो नुसता जखमी होतो आणि सापळ्यासकट कपाटामागे जातो.

चार का, एक का नाही? कारण मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. काल तिथे नव्हतं ते आज दिसलं की तो दोन-चार दिवस वळसा घालून जातो. छोटे उंदीर उलट, चौकस असतात, पहिल्या रात्रीही सापडतात. म्हणून मोठ्या उंदरासाठी असं करायचं:

पहिल्या तीन-चार रात्री सापळे वाटेवर ठेवायचे पण खटका लावायचाच नाही, नुसता खाऊ ठेवायचा, फुकटची मेजवानी. सकाळी खाऊ संपलेला दिसला की रात्री परत ठेवायचा. दोन रात्री लागोपाठ बिनधास्त खाल्लं की पुढच्या रात्री सगळे खटके एकदम लावायचे. सापळा भिंतीला काटकोनात, खाऊची बाजू भिंतीकडे, म्हणजे तो डावीकडून येवो की उजवीकडून, तोंड खटक्यावरच येतं. खाऊ शेंगदाण्याच्या कुटात गूळ मळून, वाटाण्याएवढाच. मोठा गोळा लावला तर कडेकडेने कुरतडून निघून जातो. सुकं खोबरं किंवा सुकट लावत असाल तर दोऱ्याने खटक्याला बांधा, ओढल्याशिवाय सुटता कामा नये. आणि सापळ्याला सुतळी बांधून पाइपला अडकवा.

आमच्याकडे चौथ्या रात्रीपर्यंत माझ्या नवऱ्याचा धीर सुटला होता, "तू उंदरांना पोसतेयस" वगैरे बोलून झालं. पाचव्या रात्री खटके लावले, साडेबाराला एक आवाज, पहाटे दुसरा. एक ओट्याखाली आणि एक माळ्याच्या शिडीपाशी, दोन्हींची मान सापडलेली. मान किंवा छातीच्या वर सापडला तर क्षणात जातो. शेपूट किंवा पाय सापडला तर मात्र वाईट, आणि ते बहुतेक वेळा सापळा भिंतीला समांतर ठेवल्यामुळे किंवा खाऊ जास्त लावल्यामुळे होतं.

तोटे लपवत नाही. रक्त कधीकधी दिसतं. लहान मुलांच्या, मांजराच्या हाताशी ठेवता येत नाही, आम्ही जुन्या बुटाच्या खोक्याला दोन्ही बाजूंनी भोक पाडून त्यात ठेवायचो. लाकडी असेल तर पावसाळ्यात फुगतो आणि खटका अडकून बसतो.

इलेक्ट्रॉनिक: जिथे चालतो तिथे मस्त, पण...

सुरुवातीलाच एक गोंधळ मिटवू. प्लगमध्ये लावायचं, "न ऐकू येणाऱ्या आवाजाने उंदीर पळवणारं" यंत्र म्हणजे सापळा नाही. त्या आवाजाची उंदरांना सवय होते. मी बोलतेय तो सापळा म्हणजे बुटाच्या खोक्याएवढा प्लास्टिकचा बोगदा, आत फरशीवर धातूच्या पट्ट्या, मागच्या टोकाला खाऊ. उंदीर खाऊपर्यंत गेला की त्याचे पाय दोन पट्ट्यांवर एकाच वेळी पडतात, सर्किट पुरं होतं, आतलं यंत्र बॅटरीतून काही हजार व्होल्टचे झटके देतं. मोठ्या उंदराच्या मॉडेलमध्ये हे साधारण दोन मिनिटं चालतं. करंट अगदी कमी असतो आणि झाकण उघडलं की आपोआप बंद होतं. मग बाहेर हिरवा दिवा लुकलुकतो, म्हणजे "झालं काम".

हा मी घेतला सासूबाईंसाठी. त्यांना मेलेला उंदीर बघवत नाही आणि मी ऑफिसला गेल्यावर खटक्यात काही सापडलं तर त्या दिवसभर स्वयंपाकघरात पाय ठेवत नाहीत. बाहेरून मागवलेला होता, ४,२०० रुपये, वर चार मोठे अल्कलाइन सेल ६५० रुपये. जो मेला तो झाकणाआड, रक्त नाही, आवाज नाही. झाकण उघडून खोकं पिशवीवर तिरकं केलं की उंदीर घरंगळतो. विल्हेवाटीच्या बाबतीत तिघांत पहिला नंबर याचाच, यात वाद नाही.

पण तो किती वेळा मारतो? इथे माझा भ्रमनिरास झाला. पहिला महिना शून्य. कारणं एकेक करून सापडली.

पहिलं कारण सेल. घरात होते ते रिचार्जेबल टाकले. रिचार्जेबलचा व्होल्टेज थोडा कमी असतो, दिवा लागतो, आपल्याला वाटतं चालू आहे, पण झटका पुरेसा बसत नाही. आणि अर्धवट झटका खाऊन सुटलेला उंदीर त्या खोक्याकडे पुन्हा वळत नाही. साधे स्वस्त सेलही नकोत, अल्कलाइनच टाका, चारही एकदम नवे.

दुसरं कारण मुंग्या. परदेशातल्या माहितीपत्रकात हे कुठे नव्हतं. गुळाचा वास लागला की तासाभरात लाल मुंग्यांची रांग खोक्यात, त्या पट्ट्यांवर फिरल्या की सर्किट कधी आपोआप सुरू होतं आणि रिकामाच झटका देऊन मोकळं होतं. सकाळी हिरवा दिवा, आत भाजलेल्या मुंग्या. गोड बंद केलं, खाऊ म्हणून सुकटीचा छोटा तुकडा ठेवला, खोक्याभोवती खडूची रेघ मारली, तेव्हा थांबलं.

तिसरं दमट हवा. जुलैत ओट्याखाली भिंतीलाच ओल येते. पट्ट्यांवर ओल किंवा आधीच्या उंदराची लघवी वाळून राहिली की यंत्राला वाटतं उंदीर आलाय, किंवा लाल दिवा लागून बंदच. प्रत्येक उंदरानंतर सेल काढून, कापसावर स्पिरिट घेऊन पट्ट्या पुसायच्या, पूर्ण वाळू द्यायच्या. नळाखाली धुवायचं अजिबात नाही, एका ओळखीच्यांनी धुतलं आणि चार हजार रुपये पाण्यात गेले, शब्दशः.

चौथं म्हणजे दिव्यावर विसंबणं. सेल वाचवायला आमच्या सापळ्याचा दिवा काही वेळाने लुकलुकायचा थांबतो. आम्ही शनिवार-रविवार पुण्याला गेलो, परत आलो, दिवा नाही म्हणजे रिकामा समजलो, आणि मंगळवारी वासाने कळलं. दिवा असो-नसो, रोज झाकण उघडून बघायचं.

हे सगळं सुधारल्यावर माळ्यावर, जिथे कोरडं असतं, तिथे त्याने पुढच्या दोन महिन्यांत तीन उंदीर मारले. खाली ओट्याखाली एकही नाही. माळ्यावर शिडी लावून रोज खटका बघायचा कंटाळा येतो, तिथे हा बरा. विकत घेताना मॉडेल मोठ्या उंदराचं आहे की छोट्याचं हे नक्की बघा, फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. खूप स्वस्त मिळत असेल तर बहुतेक छोट्याचंच असतं.

हिशोब

आमचा एका वर्षाचा आकडा सांगते. पिंजरा २५० रुपये, त्यात दोन उंदीर आणि दोन चिचुंद्र्या (चिचुंद्र्या मागच्या बागेत सोडल्या). खटके ४८० रुपये, सात उंदीर, म्हणजे एकाला सत्तरच्या आसपास, आणि चारातले तीन सापळे अजून चालू आहेत. इलेक्ट्रॉनिक सेल धरून ४,८५०, तीन उंदीर, एकाला सोळाशेच्या वर. पुढच्या वर्षी तो आकडा उतरेल, पण सेल लावून ठेवले तर चिकटतात, गळतात, म्हणून सीझन संपला की काढून ठेवायचे. माझ्यासारख्या घराला वर्षाला दहा-बारा उंदीर, तिथे खटक्याशी बरोबरी व्हायला त्याला बरीच वर्षं लागतील. पैसे सासूबाईंच्या मनःशांतीचे दिले असं मी समजते, ते महाग वाटत नाहीत.

मेलेल्या उंदराचं काय करायचं

सापळा कुठलाही असो, हे सारखंच. आधी रबरी हातमोजे. मेलेला उंदीर दिसल्या दिसल्या उचलायची घाई नको आणि उशीरही नको. अंग गार पडलं की त्याच्यावरच्या पिसवा सोडून जवळच्या गरम अंगावर जातात, आणि प्लेगच्या काळात घरात उंदीर मरून पडले की लोक घर सोडायचे ते याच अनुभवामुळे. बीडच्या मामला गावात १९९४ साली प्लेग आला त्याच्या आधीही उंदीर मरून पडत होते. आता तसं काही नाहीये, पण पिसवा चावतात हे खरंच आहे, म्हणून वरून किडे मारायचा स्प्रे मारायचा, थोडं थांबायचं, मग उचलायचा.

ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग असं मिश्रण करून उंदीर, सापळा, लेंड्या सगळं भिजवायचं (इलेक्ट्रॉनिक खोक्यावर मात्र नाही, तिथे स्पिरिटच). पाच मिनिटं थांबायचं. लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नका, धूळ उडते आणि नाकात जाते, ओल्या कागदाने उचला. पिशवी हातात उलटी घालून उंदीर धरायचा, पिशवी सुलटी करत गाठ मारायची, ती दुसऱ्या पिशवीत, परत गाठ. घंटागाडीत ओल्या कचऱ्यात गुपचूप टाकू नका, तो कचरा कोणीतरी हाताने वेगळा करतं. वेगळी पिशवी द्या आणि काय आहे ते सांगा, आमच्या इथले दादा सांगितलं की बाजूला टांगतात. गावात जागा असेल तर विहिरीपासून लांब, दीड-दोन फूट खड्डा, वर दगड, नाहीतर कुत्री उकरतात. सापळ्यातल्या उंदरात विष नसतं हा मोठा फायदा, कुत्र्याने, मांजराने किंवा घुबडाने खाल्लाच तरी ते विषाने दगावत नाहीत.

हाताला कापलेलं असेल तर हे काम दुसऱ्याला सांगा. आणि पावसाळ्यात असं काही हाताळल्यानंतर एक-दोन आठवड्यांत ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरांना "उंदराशी संबंध आला होता" हे स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

संपले कसं कळणार

शेवटचा उंदीर सापडल्यावर पुन्हा रांगोळी. सात रात्री एकही पाऊल नाही आणि खटका न लावता ठेवलेला खाऊही जसाच्या तसा राहिला की मग भोकं बुजवा, आधी नाही, नाहीतर एखादा आतच कोंडून मरतो. आमचा रस्ता होता गॅसच्या पाइपभोवतीचं दोन बोटं रुंद भोक. नुसतं सिमेंट ओलं असताना उकरतात, म्हणून आत भांडी घासायची तारेची घासणी घट्ट कोंबली आणि वरून सिमेंट लिंपलं. मोरीच्या जाळीचा एक कोपरा तुटलाय तो अजून राहिलाय, तिथे सध्या एक खटका लावून ठेवलाय.